गिरवण्याच्या खेळातला आवाज

चाळीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या त्या बाईंना मुलांनी ‘खोडरबर बाई’ असं नाव ठेवलं होतं. एक अक्षर रेघेबाहेर गेलं की त्या अख्खी ओळ खोडायला लावत. त्यांच्या वर्गातून निघालेल्या मुलाचं अक्षर मोत्यासारखं असे, आणि आईबाप त्यांचे आभार मानताना थकत नसत. मुलांना कुणी विचारलं नव्हतं.

निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी दारात उभी राहिली. आता ती लहान मुलांचे खेळ तयार करणारी डिझायनर झाली होती.

“बाई, मराठी अक्षरं गिरवायचा खेळ करतोय. टॅबलेटवर, बोटाने. अक्षराचं वळण तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?”

बाई ‘विचार करते’ म्हणाल्या, पण विचार आधीच झाला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात राहत होता. कामापुरता फोन, तोही तीन मिनिटांचा. साडेचार वर्षांच्या नातीला बाईंनी फोटोतच पाहिलं होतं. मुलगा डावखुरा होता. पहिलीत तो आईच्याच वर्गात होता, आणि वर्षभर बाईंनी त्याचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधून ठेवला होता. नातही डावखुरी निघाली तेव्हा त्याने एवढंच कळवलं होतं, “तिच्या हाताबद्दल तू काही बोलायचं नाहीस.”

खेळाचं सांगितल्यावर तो म्हणाला, “झाला की पाठव. बघू.”

त्या ‘बघू’वर बाई रोज दोन बस बदलून ऑफिसात जाऊ लागल्या.

ऑफिस म्हणजे दुकानावरच्या दोन खोल्या. टेबलावर बोटांच्या ठशांनी चिकट झालेले टॅबलेट. डिझायनरने पडद्यावर पोकळ ‘ग’ दाखवला. सुरुवातीला ठिपका, तिथे बोट ठेवून वाटेने न्यायचं, की मागोमाग रंग भरत येतो.

“आणि बोट वाटेबाहेर गेलं की?”

“काही नाही. रंग जिथवर आला तिथे थांबतो आणि हळूच लुकलुकतो. मूल परत तिथे बोट ठेवतं. दोन-तीनदा अडलं, तर वाट जरा रुंद होते आणि एक हात येऊन ते वळण काढून दाखवतो.”

“फुली कधी येते?”

“येतच नाही. गुण नाहीत, घड्याळ नाही, ‘चुकलं’ नाही.”

“अगं, मग चुकलं ते कळणार कसं?”

“बाई, तुमच्या वर्गात मला चुकलेलं फार छान कळायचं,” डिझायनर हसत म्हणाली, “लिहायचं कसं, ते घरी मोठी बहीण दाखवायची.”

शेजारी बसलेल्या प्रोग्रामरने चहाच्या कपात तोंड लपवलं. बाईंनी चष्मा पुसला आणि कामाला लागल्या. वळणाने जवळची अक्षरं एकत्र, म्हणून आधी ग, म, भ, न. आधी वळण, मग उभी रेघ, शिरोरेघ सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे. ‘ळ’ची सुरुवात कुठून, यावर एक अख्खी सकाळ भांडण झालं. बाई जिंकल्या.

आवाजावर मात्र त्या अडल्या. आधी जिचा आवाज घेतला होता ती निवेदिका ‘शाब्बास’ असं म्हणायची, की आता साबण विकेल असं वाटावं. डिझायनर म्हणाली, “बाई, तुम्हीच बोला.” मागच्या खोलीत भिंतींना रजया टांगून माइक ठेवला.

“इथून सुरू करूया,” बाई म्हणाल्या.

“बाई, मी नकळत ताठ बसलो,” प्रोग्रामर म्हणाला.

तेच वाक्य वीस वेळा म्हणून झालं. बाई वैतागल्या. “जित्याची खोड आहे बाबा, ती अशी जायची नाही.”

“समोर तुमची नात बसलीय असं समजा,” डिझायनर म्हणाली.

बाईंनी डोळे मिटले. समोर नात आली नाही. सहा वर्षांचा मुलगा आला, मान खाली, डावं मनगट खुर्चीला बांधलेलं. कागदावर लिहून दिलेलं नव्हतं ते बाईंच्या तोंडून निघालं.

“असू दे रे. हळूहळू. मी इथेच आहे.”

मग प्रोग्रामरने मुलींनाही चालावं म्हणून त्यातला ‘रे’ कापला आणि बाकीचं तसंच ठेवलं.

चाचणीला बालवाडीतली मुलं बसवली. सगळी रमली. एक मुलगी मात्र ‘म’ अर्ध्यावर आला की दचकायची. खेळच नाहीसा व्हायचा आणि पहिलं पान यायचं. चौथ्यांदा तसं झालं तेव्हा तिने टॅबलेट खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली सरकवले.

“टॅबलेट बिघडलाय,” प्रोग्रामर म्हणाला.

“टॅबलेट नाही बिघडला. ती डावखुरी आहे.” बाईंनी पहिल्याच खेपेला पाहिलं होतं. बाहेर पडायचं बटण खालच्या डाव्या कोपऱ्यात होतं, आणि डाव्या हाताचं मनगट टेकलं की तेच दाबलं जायचं. “तिला वाटतंय, आपण चुकलो म्हणून हाकललं.”

हे सांगता सांगता बाईंचा हात मुलीच्या डाव्या हाताकडे निघाला होता, तो उजवीकडे वळवायला, आपोआप. वाटेतच त्यांनी तो मागे घेतला आणि पदरात गुंडाळून ठेवला.

बटण वरच्या कोपऱ्यात गेलं, आणि तेही दाबून धरलं तरच उघडणारं झालं. टेकलेलं मनगट खेळाने मोजायचंच नाही, असंही ठरलं. पुढच्या आठवड्यात त्याच मुलीने ‘म’ सात वेळा काढला.

खेळ तयार झाला तसा बाईंनी तो मुलाला पाठवला. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी फोन आला.

“आई, ती ‘भ’पर्यंत पोचली. कुणी शिकवलं नाही. मजेत करते, डाव्या हाताने.”

“आणि आवाज? आवडला का तिला?”



“आवाज बंद ठेवलाय मी.”

“का रे?”

“पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात होतो. बाहेरून ऐकू आलं, ‘असू दे. हळूहळू. मी इथेच आहे.’ वाटलं, कोण ही भली बाई. मग आवाज ओळखला. हातातलं भांडं ठेवून न्हाणीघरात जाऊन बसलो.”

“मनापासून बोलले होते मी.”

“माहितीये. म्हणूनच ऐकवत नाही. आई, हा आवाज तुझ्याकडे तेव्हाही होता?”

बाईंनी तोंड उघडलं. होता म्हणावं, तर दिला का नाही? नव्हता म्हणावं, तर ते खोटं.

“खेळ चांगला आहे,” मुलगा जरा वेळाने म्हणाला. “आवाजाशिवायही चालतो. पुढची अक्षरं आली की पाठव.” तीन मिनिटंही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळेला ऑफिसात गेल्या. “दुसरा एक आवाज घाला,” त्या डिझायनरला म्हणाल्या. “हवा तो निवडता येईल असा.”

“पण बाई, मुलांना तुमचाच आवडतो.”

“तो राहू दे. दुसराही असू दे. एक पोरगी एकटीच, मुकाट्याने गिरवतेय.”

कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि डिझायनरने चेहरा पाहून विचारलं नाही. साबणवाल्या आवाजाच्या त्याच निवेदिकेला परत बोलावलं. रजयांमध्ये ती माइकसमोर उभी राहिली, बाई शेजारी स्टुलावर बसल्या.

“‘असू दे’ एवढं घाईने नको गं,” बाई म्हणाल्या. “मूल खाली बघत असतं तेव्हा. ते म्हणून झालं की थांब. त्याने वर बघेपर्यंत पुढचं बोलायचं नाही.”

“आणि त्याने वर बघितलंच नाही तर?”

बाईंनी हातातला कागद सरळ केला.

“तरी थांबायचं,” त्या म्हणाल्या. “म्हण परत.”