झोपते की झोपतो

माझी बहीण व्हिडिओ करते आणि मी व्हिडिओंमधल्या जाहिराती हुडकते. तिला बघायला लोकांची रीघ लागलेली असते, मला कुत्रं विचारत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या मजकुरात जळफळाट किती आहे याचा तुम्हाला अंदाज येईल.

आमचं ऑफिस हुबळीत, एका कापडदुकानाच्या वर. एखाद्या व्हिडिओवाल्याला काम देण्याआधी कंपन्या त्याचे जुने व्हिडिओ आमच्याकडं तपासायला पाठवतात. पैसे किंवा फुकटची वस्तू घेऊन मालाबद्दल बोललं तर प्रेक्षकांना तसं स्पष्ट सांगायचं, असा नियम आहे. पुष्कळजण सांगत नाहीत. तास-दीड तासाच्या गप्पांत जाहिरात अशी कालवून टाकतात की बघणाऱ्याला ती घरचीच गोष्ट वाटावी. आधी मशीन सगळं बोलणं लिहून काढतं आणि 'लिंक खाली दिली आहे', 'माझा कोड वापरा' अशा वाक्यांवरून संशयाचे तुकडे पिवळे करतं. मग दोन माणसं, एकमेकांचं न बघता, तुकड्याची सुरुवात आणि शेवट ठरवतात. सुरुवात मालाचं नाव येतं तिथं नसते. बोलणं तिकडं वळवणारं वाक्य येतं, तिथं असते. 'परवा पाठ इतकी दुखत होती ना' म्हटलं की मी कान टवकारते. शेवट मात्र अवघड असतो, कारण जाहिरात संपली तरी तोंडावरचं हसू तसंच राहतं.

ही माझी थोरली बहीण, अक्का, धारवाडला राहते. आई कितीतरी वर्षं माझ्याकडं, इथं हुबळीत कमरीपेठेत होती, गेल्या वर्षी अक्का तिला घेऊन गेली. माझ्याकडं आई खिडकीतल्या खुर्चीत गप्प बसून असायची. मी म्हणायची, वय झालं. आणि अक्काच्या व्हिडिओत हीच बाई शेंगाचटणी कुटत गाणं म्हणते, कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावते! खाली लोक लिहितात, 'आमची आजी'. आमची म्हणे. हिच्या गोळ्यांच्या वेळा तुम्हाला ठाऊक आहेत का, असं मला खाली लिहावंसं वाटतं.

अक्काचा 'आईबरोबर एक अख्खा दिवस' नावाचा लांबलचक व्हिडिओ तपासायला आला, तेव्हा मी सरळ साहेबांकडं गेले. म्हटलं, "सर, ही माझी सख्खी बहीण आहे. मला देऊ नका."

साहेब हसले. "अक्कांदा? चलो आतु. अक्काचा आहे तर बरंच झालं की. मराठी तुमच्याइतकं इथं कुणाला येतंय मॅडम? दुसरी खूण हिची घेतो की. जुळलं नाही तर मी बसतो."

'ही' म्हणजे माझ्या शेजारी बसणारी अळणावरची मुलगी. कन्नड घरातली, मराठी समजते तिला, बोलायला लाजते.

मी कानाला हेडफोन लावला. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात लाडू फुटत होते. या सगळ्या लाडीगोडीत पैसा सापडावा, भरपूर सापडावा, एवढीच माझी इच्छा होती. आईचं हसू विकत घेतलेलं निघालं, तर माझ्या घरातलं तिचं गप्प बसणं तरी खरं ठरलं असतं.

सुरुवातीचा मिक्सर अक्कानं प्रायोजित म्हणून सांगूनच टाकला होता, स्क्रीनवर पाटीही होती. माझी निराशा झाली. मग आईची नवी अबोली साडी आली. मी तसलीच दिली होती तेव्हा 'हा रंग माझ्या वयाला शोभत नाही' म्हणून परत केली होती. साडीच्या दुकानाचं नाव कुठंच नव्हतं, लिंकही नव्हती. म्हणजे ती नुसतीच साडी होती, आणि तिला ती आवडली होती. मी दात-ओठ खात पुढं गेले.

दुपारी दोघी झोपायच्या खोलीत आल्या. पलंगावर नवी गादी, तिच्या कोपऱ्यावरची कंपनीच्या नावाची पट्टी बरोबर कॅमेऱ्याकडं वळवलेली. अक्का म्हणाली, "आईची पाठ किती दुखायची, तुम्हाला माहीतच आहे." मी सुरुवातीची खूण केली. आई पलंगावर बसली आणि म्हणाली, "या मॅट्रेसमुळे माझ्या पाठीला योग्य आधार मिळतो. आता मी शांत झोपते."

झोपते! मी खुर्चीतून उठायचीच राहिले.

आमच्याकडच्या बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. पुण्याकडच्या पाहुण्यांना हसू येतं, येऊ दे. मीही लिहिताना 'जाते' लिहिते, पण फोन ठेवताना तोंडातून 'ठेवतो ग' असंच निघतं. आईच्या तोंडून तर 'झोपते' मी जन्मात ऐकलेलं नाही. ती गादीला मॅट्रेसही म्हणत नाही. हे वाक्य कुणीतरी कंपनीत बसून लिहिलेलं होतं. मी शोधलं, तर आणखी दोन व्हिडिओवाल्यांच्या तोंडी तोच 'योग्य आधार' जसाच्या तसा सापडला. व्हिडिओखाली अक्काच्या कोडची लिंक होती, आणि पैसे घेतल्याचा एक शब्द नव्हता. छुपी जाहिरात! माझ्या अक्काची! मी चहा मागवला आणि शेजारणीलाही पाजला.

मग पुढचं ऐकलं. अक्का कॅमेऱ्यामागून म्हणते, "आणि काय ग आई?" आई म्हणते, "आणि काय? मी हितं निवांत झोपतो बघ. सकाळी उठतो, दुसऱ्यांदा चहा पाहिजे वाटला तर मागतो. तिकडं मागायला नको वाटायचं. धाकटी लई धावपळीत असायची. रागावायची नाही ती, पण भ्या वाटायचं."

मी ते परत ऐकलं. आवाज वाढवून ऐकलं. झोपतो, उठतो, मागतो. एक तरी 'झोपते', 'मागते' निघेल म्हणून मी किती वेळा मागं नेलं, मोजलं नाही. माझ्या घरात माझ्या आईला चहा मागायची भीती वाटत होती, आणि हे तिनं मला न सांगता अक्काला सांगितलं. त्या क्षणी मला अक्काचा इतका हेवा वाटला की मी हेडफोन काढून टेबलावर टाकला. शेवटची खूण मी 'झोपते' या शब्दानंतर केली.

संध्याकाळी खुणा जुळवल्या. शेजारणीनं शेवट खूप पुढं, आईचं सगळं बोलणं संपल्यावर धरला होता. मशीनचा पिवळा रंगही तिथपर्यंतच होता.

"झोप, झोप असंच चाललंय ना शेवटपर्यंत," मुलगी म्हणाली. "गादीबद्दलच बोलतायत आज्जी."

साहेब माझ्याकडं वळले. "हिचं आणि मशीनचं एक होतंय मॅडम. सगळंच जाहिरात म्हणून लावू या? तुम्ही हो म्हणा, संपलं."

हो म्हटलं असतं, तर आईचं ते बोलणं कंपनीनं लिहून दिलेलं ठरलं असतं. आमच्या रिपोर्टात तरी. कुणी विचारायला येणार नव्हतं.

"नको सर," मी म्हटलं. "जाहिरात 'झोपते'ला संपली."

"आणि पुढचं? ते कुणी लिहून दिलंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "ते आई बोलतेय."