भोंगा तासावर लावला तेव्हा

मी शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात डायलिसिसच्या पाण्याचं मशीन बघायचो. डायलिसिस म्हणजे ज्यांच्या किडन्या थकल्यात त्यांचं रक्त बाहेरून धुवून परत अंगात घालायचं. त्याला पाणी लागतं आणि ते लई शुद्ध लागतं. ते शुद्ध करणारं मशीन, त्याच्या टाक्या आणि मी, असे आम्ही तळमजल्यावर नांदायचो.

ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठवडा-आठवडा पाणी नाही आणि शहर तर छावणीपलीकडं, बायपासपलीकडं वाढतच चाललेलं. जिथं आम्ही लहानपणी शेरडं चारली तिथं चार-चार मजले उभे, आणि प्रत्येक मजल्याला पाणी पाहिजे. दवाखाना टँकरवर चालायचा. टँकरवाला आज या विहिरीचं आणायचा, उद्या त्या बोअरचं, आणि वर डोळे झाकून ब्लीचिंग पावडर टाकायचा. ब्लीचिंग म्हणजे क्लोरीन. पिणाऱ्याच्या पोटात गेलं तर फार बिघडत नाही, पण डायलिसिसच्या पाण्यातून रक्तात गेलं तर लाल पेशी फुटतात. म्हणून कोळशाची एक टाकी ते क्लोरीन खाऊन टाकायची आणि तिच्यापुढं एक मीटर बसवलेलं होतं. ते दर मिनिटाला आकडा द्यायचं. आकडा पॉइंट एकच्या वर गेला की भोंगा वाजायचा आणि त्याच इशाऱ्यावर मशीन आपोआप ते पाणी गटारात सोडायचं.

आता माझं ऐका. माझं घराणं गंगापूरकडचं, मेंढरं वळणारं. आमच्याकडं हंडाभर पाण्यासाठी बाया कोसभर चालायच्या. आणि इथं माझ्या डोळ्यांदेखत गटारात पाणी! दिवसातून चार-पाच वेळा! कोळसा जुना झालेला, नवा मागवलेला, पण यायला वेळ. टँकर रिकामा झाला की पाच-सात मिनिटं आकडा उड्या मारायचा आणि परत खाली यायचा. माझा जीव नुसता तळतळायचा. वर सिस्टर ओरडायच्या, "अहो, बंद करा ते! पेशंट घाबरतात."

त्याच महिन्यात मीटर बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियर मॅडम आल्या. डॉक्टरांना अहवाल पाहिजे होता आणि मिनिटामिनिटाचे आकडे कोण वाचणार? दिवसाचे चौदाशे चाळीस! मॅडमनी साठ आकड्यांची सरासरी काढून तासाला एक आकडा केला. दिवसाच्या चोवीस ओळी, एका कागदावर. मला ते इतकं आवडलं की म्हणालो, "मॅडम, भोंगापण या तासाच्या आकड्यावरच लावून टाका ना."

त्या म्हणाल्या, "नाही हो. कागद तासाचा चालेल, भोंगा मिनिटाचाच पाहिजे. आठ मिनिटं आकडा पॉइंट चारवर गेला आणि बाकीची बावन्न मिनिटं पॉइंट शून्य एकला राहिला, तर सरासरी येते पॉइंट शून्य सहा. म्हणजे सगळं ठीक. आणि तासाचा आकडा कळतो तास संपल्यावर. तोवर पाणी गेलेलं असतं."

मी ऐकलं? छे! कालची पोर मला पाणी शिकवते, असं वाटलं मला. मी सरळ डॉक्टरांकडं गेलो. पाणी वाया जातं, पेशंट घाबरतात, दोन्ही सांगितलं. डॉक्टरांनी लेखी दिलं. मॅडमनी तोंड वाकडं करून भोंगा तासाच्या सरासरीवर लावला, पण जाताना म्हणाल्या, "मिनिटाचे आकडे मी महिनाभर ठेवतेय. पुसू देऊ नका." मी म्हटलं, "ठेवा की, मला काय खायला घालायचंय त्यांना?"

पुढचे तीन आठवडे काय निवांत गेले म्हणता! भोंगा एकदाही नाही. गटार कोरडं. सिस्टरांनी मला चहा पाजला.

वैजापूरकडचे एक काका मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी यायचे. सकाळची एसटी धरायची, चार तास मशीनला, परत एसटी. आयुष्यभर मेंढरामागं फिरलेला माणूस, त्यामुळं माझ्याशी गट्टी. त्या तीन आठवड्यांत काकांच्या अंगातलं रक्त कमी होत गेलं. आधी जिना चढताना धाप, मग जिना चढताच येईना, वॉर्डबॉय खुर्चीतून वर-खाली न्यायचे. शेवटी रक्ताची बाटली चढवावी लागली. डॉक्टर खाली आले, म्हणाले, "पाण्यात काही?" मी फाईल पुढं केली. "बघा ना सर, तासातासाचे आकडे. एकही लाल नाही." प्रत्येक कागदावर माझी सही होती. आणि खरं सांगतो, तेव्हा मला माझाच अभिमान वाटला.

मॅडम महिन्याच्या फेरीला आल्या. मी काकांचं सहज बोललो. त्यांनी खुर्ची ओढली आणि मिनिटाचे आकडे उघडले. टँकर रोजच चार-पाच यायचे, पण मंगळवार-शुक्रवारी दुपारचा टँकर काका मशीनला असतानाच रिकामा व्हायचा. त्या प्रत्येक दुपारी सहा, सात, आठ मिनिटांचा एक सुळका उभा होता. पॉइंट तीन, पॉइंट चार. त्याच तासाची माझ्या फाईलमधली ओळ: पॉइंट शून्य पाच, पॉइंट शून्य सहा. त्या बाईंनी मला एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं.

मी मिनिटाच्या आकड्यांचा कागद घेऊन डॉक्टरांपुढं उभा राहिलो. ते म्हणाले, "यानंच झालं असं नक्की सांगता येणार नाही. नाही झालं असंही म्हणता येणार नाही. सही माझीपण आहे."

त्याच दिवशी भोंगा परत मिनिटावर आला. तासाच्या कागदावर सरासरीशेजारी त्या तासातला सगळ्यात मोठा आकडाही छापायचं ठरलं. टँकर खाली करण्याआधी बादलीभर पाणी तपासायचं आणि क्लोरीन जास्त निघालं तर टँकर परत पाठवायचा, हे मी माझ्या अंगावर घेतलं. नवा कोळसा चार दिवसांत आला, कारण या वेळी डॉक्टर स्वतः फोनवर बसले.

राहिले काका. कोणी सांग म्हटलं नव्हतं, पण मला राहवेना. शुक्रवारी त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. मिनिट, तास, सरासरी, गटारात जाणारं पाणी, माझा हट्ट. म्हणालो, "काका, पाणी वाचवायला गेलो. आणि तुम्ही लोक त्या आवाजाला घाबरता म्हणून."

काका छताकडं बघत होते. नळीतून त्यांचं रक्त फिरत होतं.

"पानी वाचवायचं ते समजलं मला," ते म्हणाले. "आपल्याकडं कुनाचाबी जीव तुटंल. पन आमी घाबरतो, हे कोन बोललं तुला?"

"सिस्टर..."

"आमाला इचारलं व्हतं का?"

"नाही, काका."

"आरं लेका, भोंगा वाजला की आमी या खाटंवरून त्या खाटंकडं बघायचो आन् म्हनायचो, बरं हाय, खाली कुनीतरी बघायलंय. त्यो वाजायचा थांबला तवा घाबरलो आमी. तुला सांगनार व्हतो, पन जिना उतरवंना."