आत्याबाईंनी पारखलेली वाक्यं

माझ्या आतेसासूबाईंइतकी स्वतःशी बोलणारी बाई सबंध माळव्यात दुसरी झाली नसेल, आणि स्वतःशी एवढं बोलून एकदाही खोटं न बोललेली तर नक्कीच नाही. चूल पेटेना की त्या फुंकणी बाजूला ठेवून स्वतःला बजावत, "लाकडं ओली आहेत, मी मात्र कोरडी आहे, पेटवीन." देवासची टेकडी चढताना गुडघे कुरकुरू लागले की वाटेतच थांबून सांगत, "दुखतंय. पण देवी खाली यायची नाही, मलाच वर जायचंय." मागून येणारी माणसं वळून बघत, कुणी "माँजी, कुछ बोल्या?" असं विचारी. त्यावर आत्याबाई शांतपणे म्हणत, "आपको नी, भिया, मेरे को." बोलण्याचा त्यांचा नियम एकच होता: वाक्य धीर देणारं हवं, पण आधी खरं हवं. नव्या सुनेला कुणी "लाडकी लेकच हो आमची" असं म्हटलं की आत्याबाई तिथल्या तिथे दुरुस्ती करत, "लेक नाही, सून. लाडकी होईल हळूहळू." त्यामुळे लग्नामुंजीत त्यांना पहिल्या पंगतीला बसवून लवकर घरी पोचवण्याची घाई सगळ्यांनाच असे.

माझ्या बाळंतपणानंतर त्या धारहून आमच्याकडे राहायला आल्या. मी तेव्हा मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. बाळ चार महिन्यांचं झालं आणि रजा संपत आली, तशी मी दिवस मोजू लागले. आत्याबाईंनी मात्र रुजू होण्याच्या कितीतरी आधीपासून माझी तालीम सुरू केली होती. आधी मला शेजारी हळदीकुंकवाला पाठवलं, मग बाजारात, मग अर्धा दिवस बहिणीकडे. तेवढ्या वेळात बाळाला उकळून पातळ केलेलं गाईचं दूध चोचीच्या बोंडल्यानं पाजायची सवय त्यांनी लावली. मी पाजायला गेले की बाळ बोंडल्यातलं दूध थुंकून माझ्या पदराला झोंबे. "तुझा वास आहे ना समोर, मग कशाला घेईल?" असं म्हणत त्या मला खोलीबाहेर घालवत, आणि बाहेर उभी राहून मी बाळाचं मुकाट गिळणं ऐके. माझ्या मत्सराची सुरुवात तिथली.

शाळेच्या पहिल्या दिवशी कुंकू लावताना त्यांनी मला आरशासमोर धरलं आणि स्वतःला काहीतरी सांग म्हणाल्या. मी म्हटलं, "मी उत्तम आई आहे." त्यांनी विचारलं, "कुणी सांगितलं?" मग त्या म्हणाल्या, "मोठं वाक्य फाटकापर्यंतसुद्धा टिकत नाही. तुला जे ठाऊक आहे ते बोल." भाजी चाखावी तशी एकेक ओळ चाखून, आळणी आणि खारट टाकून, शेवटी तीन वाक्यं त्यांनी पास केली. बाळ रडेल आणि थांबेल. मी जाते आहे आणि संध्याकाळी येणार आहे. मला शिकवता येतं, चुकलं तर फळा पुसता येतो. बाळाची नजर चुकवून मागच्या दारानं निसटायला त्यांनी मला सक्त मनाई केली. दूध पाजून, त्याच्या डोळ्यांत बघून, जाते म्हणून सांगायचं आणि मग मागे वळायचं नाही. पोलक्याच्या आत त्यांनी जुन्या लुगड्याच्या मऊ घड्या ठेवल्या तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. तिसऱ्या तासाला शाळेशेजारच्या घरात कुणाचं तरी मूल रडलं, माझ्या छातीत कळ आली आणि घडी भिजली, तेव्हा कळला. मधल्या सुट्टीत नकाशे ठेवायच्या खोलीला कडी लावून मी दूध पिळून टाकलं. तिकडे बाळ बोंडलं पीत असणार आणि इकडे हे वाया जातंय, या विचारानं मला रडू आलं.

शाळेतही सुख नव्हतंच. माझ्या रजेत आलेली बदली शिक्षिका महिनाअखेरपर्यंत तिथेच दुसऱ्या वर्गावर होती; ती तरुण होती, तिचा आवाज गोड होता, आणि मुली माझ्या देखत विचारत, "बाई, त्या बाई परत कधी येणार?" अपूर्णांक शिकवताना मी चुकले, मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, मी मनात वाक्य म्हटलं आणि फळा पुसला. पुढचं उदाहरण सुटलं. घरी मूल परकं, शाळेत वर्ग परका, अशा दोन टोकांवर मी जळत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा सरळच बजावलं की जमत नसेल तर महिनाअखेरपर्यंत सांगा, त्या मुलीला कायम करू.

त्याच दिवशी मी धापा टाकत, भरल्या छातीनं घरी आले. बाळ आत्याबाईंच्या खांद्यावर होतं. मी हात पुढे केले, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून त्यांच्या मानेत लपवलं. पोट नुकतंच भरलेलं होतं, दुधाचा ओघळ अजून हनुवटीवर होता. मी म्हटलं, "उद्या राजीनामा देते. माझ्या बाळाला माझी गरज आहे."

आत्याबाईंनी बाळाची हनुवटी पुसली. "सोड हवी तर. तुझी नोकरी, तुझी मर्जी. पण बाळासाठी सोडते म्हणू नकोस. आत्याबाईंचा मत्सर वाटतो म्हणून सोडते, असं म्हण. वाक्य खरं पाहिजे."

मला इतकी लाज वाटली की रागही आला नाही. त्या खाली बसल्या आणि बाळाला मांडीवर थोपटत म्हणाल्या, "मलाही वाटतो. तू रोज चपला घालतेस ना, तेव्हा. धारला मुलींच्या शाळेत मला शिकवायला बोलावलं होतं. घरचे नको म्हणाले नाहीत. मीच म्हटलं, मूल माझ्याशिवाय राहायचं नाही. मूल राहिलं असतं गं. माझाच पाय निघाला नाही." ते मूल आता मनावर गावी कापसाच्या व्यापारात होतं आणि दिवाळीला उभ्या उभ्या येऊन जाई.

मग मी म्हटलं, "मला मत्सर वाटतो, आणि मी शाळेत जाते." त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात घोळवलं आणि म्हणाल्या, "हे चालेल. हे पुष्कळ दिवस टिकेल."

ते टिकलं. मत्सर गेला नाही, पण त्याला बसायला जागा मिळाली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या येण्याच्या सुमारास आत्याबाई बोंडलं धुऊन पालथं घालत आणि भुकेल्या बाळाला ओट्यावर टांगे दाखवत बसत. मी वळणावर दिसले की ते हात झाडू लागे, आणि मग पदराखाली त्याचा तो अधाशी आवाज सबंध दिवसाची भरपाई करी. महिनाअखेरीस मी मुख्याध्यापिकाबाईंना राहते म्हणून सांगितलं. बदली शिक्षिका कन्नौदच्या शाळेत गेली, आणि तिला निरोप देताना मुलींच्या बरोबरीनं मीही रडले, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

मुलगा चालायला लागला त्या वर्षी आत्याबाई धारला परत गेल्या. त्यांच्या पुतण्याची बायको तिथे दवाखान्यात नर्स होती, तिला नुकतीच मुलगी झाली होती. पुढे कुणाकुणाकडून कळे की तीही आता कामावर जाते, आणि निघण्याआधी दारात उभी राहून काहीतरी पुटपुटते. काय पुटपुटते ते मात्र कुणी सांगू शकलं नाही. त्या नर्सला मी कधी पाहिलेलंही नाही. पण सकाळी घाईनं वेणी घालताना ती मनात येई, तिच्या शेजारी उभ्या असलेल्या आत्याबाई मनात येत, आणि मला तिचा फार हेवा वाटे.