पीठ वर आलं नाही त्या दिवशी

पालमला एसटी स्टँडच्या मागं एका पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघी बायका पाव करतो. बचत गटातून भट्टी घेतली तेव्हा परभणीला पंधरा दिवसांचं शिक्षण घ्यायला कुणी जायचं, असा प्रश्न निघाला. माझं बारावी सायन्स झालेलं, म्हणून मी गेले. परत आले ती बाईसाहेब होऊनच. खोलीत कोण काय करणार, हे मीच ठरवायला लागले.

पीठ मळायचं काम मावशींकडं दिलं. मावशी पन्नाशीच्या, बौद्धवाड्यातल्या. दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. त्या वर्षी या कामासाठी पहिल्यांदाच मागं राहिल्या होत्या. नवरा आणि मुलगा टोळीबरोबर गेले होते. मावशींच्या मनगटात जोर होता. मैदा पंधरा-वीस मिनिटं असा मळायच्या की गोळा ताणला तर तुटायचा नाही, पातळ पडद्यासारखा पसरायचा. त्या पडद्यातच यीस्टनं सोडलेला वायू अडकून राहतो आणि पीठ फुगतं. हे परभणीहून शिकून आल्यावर मीच सगळ्यांना सांगितलं होतं. यीस्ट जिवंत असतं, साखर खातं, वायू सोडतं, त्याला ऊब लागते. मावशींनी त्या दिवशी यीस्टच्या दाण्यांचं पाकीट हातात घेऊन नीट निरखलं आणि विचारलं होतं, "म्हंजी ह्ये जित्तं हाय?" मी हो म्हणाले होते.

दिवाळीपर्यंत काही अडलं नाही. नळाचं पाणी घ्यायचं, साखर टाकायची, यीस्ट भिजवायचं. दहा मिनिटांत वर फेस यायचा. मग थंडी पडली. पत्र्याची खोली सकाळी गारठलेली असायची आणि पीठ वर यायला दुप्पट वेळ लागायला लागला. थंडीत यीस्ट मरत नाही, नुसतं सुस्तावतं. हे मला सांगितलेलं होतं, पण माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच की त्याला ऊब हवी. जितकी जास्त तितकं बरं, असं मी आपल्या मनानंच धरलं.

जवळच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला पावभाजी होती आणि पाव आमच्याकडून जायचे होते. सकाळी लवकर आलो. मी पाणी उकळलं, साखर घातली आणि पातेलं खाली उतरवताच त्यात यीस्ट टाकलं. मावशी मैदा चाळत होत्या. त्यांनी वाफेवर हात धरला.

"ताई, पानी लय कडक हाय. पोळंल की त्ये."

"शिकून कोण आलंय, मावशी? तुमी मळा."

फेस आला नाही. मी पाहिलं, तरी म्हटलं, पिठात गेल्यावर येईल. मावशींनी मळलं. गोळा झाकून ठेवला. तास गेला, दोन तास गेले. फडकं उचललं की गोळा जसाच्या तसा, बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. शाळेतून दोनदा निरोप आला. शेवटी तसेच गोळे भट्टीत घातले. निघाले ते पांढुरके, दगडासारखे घट्ट.

बाकीच्या दोघी माझ्याकडं बघत होत्या. शाळेला काय सांगायचं, हे मलाच ठरवायचं होतं. तेव्हा मी जे बोलले ते अजून मला झोपेत ऐकू येतं.

"मावशी, तुमचा हात पिठाला मानवत नाही."

बोलले ते हातगुणाबद्दल, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. एखादीच्या हातचं लोणचं टिकत नाही असं आपण म्हणतोच की. पण मी शेतकरी घरातली, त्या बौद्धवाड्यातल्या. त्यांचा हात, खायच्या पिठात. त्या वाक्याचा खोलीत काय अर्थ होणार, ते वाक्य संपायच्या आधीच मला कळलं होतं. दोघींपैकी एक खाली बघत म्हणाली, "उद्यापासून मी मळते." मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. मला ते सोयीचं होतं.

मावशींनी हात धुतले. कोपरापर्यंत, सावकाश धुतले. पदराला पुसले आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी परत पाणी उकळलं. मळते म्हणाली होती तिनं मळलं. पीठ तसंच निपचित. आता कुणाच्या हाताचं नाव घेणार? मी दार लावून घेतलं आणि तीन पेल्यांत सारखंच यीस्ट आणि सारखीच साखर घातली. एकात गार पाणी, एकात कोमट, एकात उकळतं. कोमट पेल्यात थोड्या वेळात बुडबुडे आले, मग तपकिरी फेस काठापर्यंत चढला. गारातलं तळाशी बसून राहिलं. मग दार उघडून तो पेला उन्हात ठेवला, तर तासाभरानं तोही फेसाळला. उकळत्यातलं मात्र गढूळ पाणीच राहिलं. निवल्यावर परत साखर घातली, उन्हात ठेवला, काही नाही. मेलेलं होतं. मी मारलं होतं. आणि ते मावशींनी मला आधी सांगितलं होतं.

तरी मी तीन दिवस गेले नाही. रोज निघायची आणि काहीतरी काम काढायची. चौथ्या दिवशी गेले तेव्हा मावशी पोत्यात भांडी भरत होत्या. मुकादमाची गाडी दोन दिवसांनी राहिलेल्यांना घेऊन निघणार होती. त्यांनी बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी पेल्यांचं सगळं सांगितलं. चूक पाण्याची होती, माझी होती, म्हणाले.

"पान्याचं कळलं," मावशी म्हणाल्या. "हाताचं काय?"

मी माफी मागितली. त्या पोत्याचं तोंड बांधत राहिल्या.

"हितं माज्या घरात कोन ऐकायलंय, ताई? बोललात त्ये चौघीत."

दुसऱ्या दिवशी त्या खोलीवर आल्या, माझ्या विनंतीवरून. दोघींसमोर मी सांगितलं की पीठ माझ्यामुळं बिघडलं, मावशींनी टोकलं होतं, आणि हाताबद्दल मी जे बोलले ते घाण होतं. मग कोमट पाण्यात यीस्ट आणि साखर घालून दाखवलं. मावशींनी पाण्यात बोट घालून पाहिलं. फेस वर येईपर्यंत चौघी उभ्या होत्या. फेस आला तेव्हा मावशी म्हणाल्या, "तान्ह्या लेकराला न्हाऊ घालताना बघतो तसलं पानी लागतं ह्याला." आणि निघून गेल्या. ऊसतोडीला गेल्याच. गाडी सांगून ठेवली होती, आणि मला वाटतं, राहायची इच्छाही उरली नव्हती.

उन्हाळ्यात टोळी परतली तेव्हा मी पुन्हा त्यांच्याकडं गेले. आठ दिवस विचार करून त्या आल्या. पाणी आता त्याच बघतात. मे महिन्यात पीठ इतकं झपाट्यानं फुगतं की त्या माठातलं पाणी घेतात, नाहीतर आंबट वास मारतो. पाव चांगले होतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात, हसतातही कधी.

पण ते वाक्य खोलीतून बाजारात गेलं होतं. गेल्या आठवड्यात ओळखीची एक बाई पाव घ्यायला आली आणि हळूच विचारलं, "अजून तीच मळती का?" मी हो म्हणाले. आत मावशी मळत होत्या, दार उघडं होतं. मोठ्यानं म्हणायला हवं होतं. मी हळूच म्हणाले.