ऑफसाइडचा झेंडा आणि पाहुण्यांचे सोफे

आम्ही फायनल हरलो ती पाहुण्यांच्या सोफ्यांमुळे. हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन.

मी पारोळ्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. जळगावला मुलींच्या फुटबॉलची जिल्हा फायनल होती. जिंकलं तर विभागाला. माझ्या संघात पुढे खेळणारी मुलगी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून शिकायला आलेली. त्या वयोगटातलं तिचं हे शेवटचंच वर्ष.

सुरुवातीला ती समोरच्या गोलपाशी डेरा टाकून उभी राहायची आणि ऑफसाइड दिला की रुसायची. शेवटी वैतागून मी एकदा सरावात तो नियमच काढून टाकला. मग काय, दोन्हीकडच्या मुली एकमेकींच्या गोलपाशी मुक्कामाला, चेंडू डोक्यावरून इकडून तिकडे आणि मधल्या मुली कमरेवर हात ठेवून उभ्या. "मॅडम, यामा काय मजा शे?" तीच तिच्या अहिराणीत म्हणाली. असलं फुकटचं ठाण मांडणं बंद व्हावं, म्हणून तर हा नियम आला. त्या दिवसापासून तिला पक्कं कळलं. सोबतीण पास देते त्या क्षणी आपण समोरच्यांच्या हद्दीत, चेंडूच्या आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे नसावं. त्यात गोलकीपरही मोजतात. बरोबरीत असलं तर चालतं, आणि पास सुटल्यावर हवं तेवढं पळावं.

फायनलला आम्ही एका गोलनं मागे होतो. तिनं अगदी शिकवलं तसं केलं. पास निघाला तेव्हा ती शेवटच्या बचावपटूच्या बरोबरीत होती, मग सुसाट पळाली आणि गोल केला. तेवढ्यात लाइनमनचा झेंडा वर. गोल रद्द!

लाइनमननं बचावपटूंच्या रेषेत सरकत राहायचं असतं. पण आयोजकांनी सत्काराचा मांडव थेट कडेच्या रेषेला भिडवलेला, त्यात सोफे. पाहुण्यांना आडवं कसं जायचं, म्हणून हे गृहस्थ मध्यरेषेपाशीच उभे! तिथून तिरकं बघितलं की त्यांच्या बाजूनं पळणारी पोरगी पुढेच दिसणार.

"मॅडम, ती एकटीच पुढे होती," ते म्हणाले.

"चेंडू घेताना होती! पास निघाला तेव्हा?"

"मला इथून तशीच दिसली."

रेफरीनं मला हातानंच बसायला सांगितलं. पाहुणे चहा पीत होते. माझ्या डोक्यात नुसता जाळ.

शेवटच्या मिनिटाला पुन्हा लांब पास आला. ती आमच्याच हद्दीत होती, तिथं ऑफसाइड लागतच नाही. समोर मोकळं रान. मी ओरडले, "पळ!"

ती थांबली. मान वळवून तिनं आधी लाइनमनकडे पाहिलं. झेंडा खालीच होता. पण तोवर चेंडू समोरच्या संघातल्या मुलीनं नेला होता.