अर्जासोबतच्या तुटक रेषा

आमच्या वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीला खिडकी आहे आणि प्रत्येक खिडकीतून शेजारच्या वसतिगृहाची भिंत दिसते. लातुरात डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना बाहेर बघायला वेळ नसतो, त्यामुळे कुणाची तक्रार येत नाही. तक्रार माझीच होती. जुन्या इमारतींच्या संवर्धनाचा अभ्यासक्रम पुरा करून मी घरी परतले, तर वसतिगृह चालवणाऱ्या वडिलांनी मला तिसऱ्या मजल्यावरची एक खोली दिली आणि वर चढवायच्या चौथ्या मजल्याचा नकाशा काढायला सांगितलं. एका खोलीत तीन खाटा बसत होत्या. अण्णांना चार हव्या होत्या.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते दिवसभर ऑफिसात दाराला चिकटून खुर्ची टाकून बसतात. जेवायलाही दाराजवळच, आणि झोपायलाही. लग्नकार्यात कुणी आग्रहाने आतल्या खोलीत नेलं तरी दोन मिनिटांत बाहेर. भूकंपात ते पहाटेपासून दुपारपर्यंत मधल्या खांबापाशी ढिगाऱ्याखाली होते आणि त्यांचा धाकटा भाऊ तिथेच गेला, एवढं आम्हाला आईकडून माहीत होतं. अण्णा स्वतः त्यावर एकच वाक्य बोलत, "दगडमातीचं घर म्हंजी थडगं." अशा माणसाच्या पोटी मी जन्मले आणि दगडमातीची घरं शिकायला गेले.

दूरच्या एका शहरातल्या संस्थेची जाहिरात मला मिळाली: जुन्या वास्तूंच्या दस्तऐवजीकरणासाठी सहा महिन्यांची इंटर्नशिप. अर्जासोबत एक पानाचं पत्र आणि स्वतः मोजून काढलेला एक नकाशा हवा होता. कॉलेजात गटाने केलेलं काम चालणार नव्हतं. मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "कुठंबी जा, पळसाला पानं तीनच. आन् चौथा मजला कोण काढील?"

मला इतका संताप आला की खोलीत जाऊन मी एका बैठकीत पत्र लिहून टाकलं. आपला समृद्ध वारसा, मला लहानपणापासून आवड, मी कुठेही काम करण्यास तयार आहे. ते नांदेडच्या मैत्रिणीला पाठवलं. ही माझ्याच वर्गातली. तिच्या घरचं कुलपांचं दुकान आहे आणि जिभेला मात्र कुलूप नाही. तिचा फोन आला, "ये खत हय की शादी का बायोडाटा? इसमें तू किधर हय?"

मी कुठेच नव्हते, कारण मी मुद्दामच नव्हते. लातूर हे नाव मी पत्रात पत्त्यापुरतं ठेवलं होतं. मला इथून सुटायचं होतं.

राहिला नकाशा. आमच्या गल्लीत मोजण्यासारखं म्हणजे वसतिगृहंच. मग आठवलं ते आमचं जुनं गाव. भूकंपानंतर सगळी वस्ती नव्या जागी गेली आणि जुन्या गावठाणात जोती आणि बाभळी उरल्या. तिथे मी आमचंच घर मोजायचं ठरवलं. टेप एकट्याने धरता येत नाही. भिंती मोजून भागत नाही, खोलीचे दोन्ही कर्ण घ्यावे लागतात, तेव्हा कोपरे किती वाकडे ते कळतं. मैत्रीण येणार होती, पण ऐनवेळी तिच्या घरी पाहुणे आले. अण्णा मोटारसायकलवर सोडायला आले, ते रस्त्यावरच थांबणार होते.

अर्धा तास मी दगडाखाली टेपचं टोक दाबून बघत होते. दर वेळी टोक निसटायचं. शेवटी अण्णा बाभळीतून वाट काढत आले आणि त्यांनी टोक धरलं.

जोतं मोजून झालं. भिंतीचे दोन पदर सुटून बाहेर ढासळलेले अजून दिसत होते. आतला एक, बाहेरचा एक, मध्ये नुसता चिखल आणि दगडगोटे. लाकडी खांबांखालचे दगडी तळखडे मात्र जागच्या जागी होते. मी कागदावर ते मांडले. मग छेद काढायचा होता, म्हणजे घर उभं कापल्यावर दिसेल तसं. पण वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छतच नाही. जे आता उभं नाही ते आमच्या कामात तुटक रेषेने काढतात आणि खाली लिहितात की हे कुणाच्या सांगण्यावरून काढलं. म्हणून मी कागदावरून मान न उचलता, कामाचा प्रश्न विचारतात तसा विचारला, "अण्णा, माळवदाची माती किती जाड होती?"

त्यांनी टेपचं टोक सोडलं. मग त्यांनी उभ्यानेच हात आपल्या मांडीला लावून उंची दाखवली.

"एवढी?"

"दरसाल मिरगाच्या आदी पांढरी माती टाकायची. गळू नये म्हून. जुनी कुणी काढत न्हवतं, तिच्यावरच नवी. बापाची, आज्याची, सगळ्यांची माती वर." ते थांबले. "त्या साली मी टाकली. बारक्या म्हणला, दादा, बास झाली. मी म्हणलं, न्हाई, गळतंय. अजून धा पाट्या चढवल्या."

मी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना धरून रडावं असं वाटलं, पण आमच्याकडे बाप-लेकीत तसं नसतं. मी त्यांना मधल्या तळखड्यापाशी नेलं. "तुम्ही इथं सापडलात ना?" ते "हाव" म्हणाले. "भिंती गेल्या, पण इथला खांब आणि वरची तुळई उभी राहिली. ती पोकळी तुम्हाला मिळाली. याच घरानं तुम्हाला वाचवलं, अण्णा."

"त्याला न्हाई वाचवलं," ते म्हणाले, आणि टेप गुंडाळू लागले.

घरी येऊन मी पत्र फाडलं आणि नवं लिहिलं. माळवदाची जाडी नकाशात तुटक रेषेने काढली आहे, ती वडिलांनी सांगितली, आणि त्या मातीचा शेवटचा थर त्यांच्या हातचा होता, असं लिहिलं. आधी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लिव्ह. खरं हाय ते." अशा घरांना थडगं म्हणायचं की घर, हे मोजल्याशिवाय मला कळणार नाही, एवढाच शेवट केला. कुठेही काम करण्यास तयार आहे, हे वाक्य मात्र सवयीने याही पत्रात आलं.

उत्तर आलं. निवड झाली होती. मी उडी मारून आईला हाक मारली आणि मग पुढचं वाचलं. माळवदाच्या घरांची मला असलेली जाण पाहून संस्थेने मला इथून दीड तासावरच्या उदगीरच्या तुकडीत घेतलं होतं. तिथल्या बाजारपेठेतली जुनी घरं मोजायची होती. राहण्याची सोय घरीच होईल असं धरलेलं होतं.

फिरून फिरून भोपळे चौकात. त्या रात्री मी जेवले नाही. ज्या पत्राने मला बाहेर काढायचं, त्यानेच मला तिसऱ्या मजल्यावर परत आणून बसवलं. लातूरची म्हणूनच मला निवडलं, आणि लातूरलाच ठेवलं. अण्णांनी वसतिगृहातल्या सगळ्या पोरांना पेढे वाटले, ते वेगळंच.

सकाळी चहाला खाली गेले तर अण्णा दारातल्या खुर्चीवर होते. माझं तोंड बघून त्यांनी पेढ्यांचा विषय काढला नाही.

"उदगिरात माळवदं अजून उभी हायत म्हणं."

"आहेत."

"माणसं राहत्यात आत?"

"राहतात."

"वरच्या मातीच्या वजनाचं त्यांना कोण सांगतंय का न्हाई?"

कपातला चहा थंड झाला होता. अण्णा आपल्या तळहातांकडे बघत होते.

"टेप धराया माणूस लागंल न्हवं तुला," ते म्हणाले. "मी येतो. पर दाराजवळचं टोक मला दे."