दोरीची ओळ खरी निघाली

उंचीने वडिलांच्या वर हातभर गेला, तरी बाजारात त्याचं नाव बारक्याच राहिलं. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. बारक्या दुसरीकडे नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी काउंटरवर उभा राहायचा. या वेळी मात्र तो वेगळ्याच कामाला बसला होता.

कारण ताईचा फोन. "बाबांचं डोकं आता पूर्वीसारखं चालत नाही रे. विक्रीच्या रजिस्टरचा नुसता गोंधळ झालाय म्हणे. दुकान कुणाला तरी चालवायला देऊन टाकू."

ठरवायच्या आधी नीट बघू तरी, म्हणून बारक्याने रजिस्टरची ओळ न् ओळ कॉम्प्युटरवर चढवली. तारीख, माल, नग, दर, रक्कम. एकच माल चार नावांनी लिहिलेला होता: बिजागरी, बिजागऱ्या, बिजा., आणि एका ठिकाणी नुसतं "दाराचं". ती नावं त्याने एक केली. मूळचा आकडा कुठेही पुसला नाही. दुरुस्ती शेजारच्या रकान्यात आणि तिच्यापुढे कारण.

मग नग गुणिले दर लिहिलेल्या रकमेशी जुळतात का, ते तपासलं. खिळे एक किलो, दर नव्वद, रक्कम तीनशे साठ. खालीच कुलपं दोन, दर एकशेऐंशी, रक्कम नव्वद. म्हणजे खिळ्यांच्या ओळीत कुलपांचे पैसे आणि कुलपांच्या ओळीत खिळ्यांचे! अशा जोड्या बऱ्याच निघाल्या. एका बिजागरीचा दर सहा रुपये आणि नग पंचेचाळीस; गुणाकार बरोबर, पण सहा रुपयांत बिजागरी या दुकानात कधी मिळाली नव्हती. रकाने उलटे पडले होते.

आणि एक ओळ अशी, की तिच्यामुळे दोरीची महिन्याची सरासरीच फुगून बसली. एरवी दोरी दहा-बारा मीटर खपायची. इथे एकदम बाराशे मीटर. दोन शून्यं जास्त पडली असणार, असं म्हणून तो ती खोडणार होता. पण हात आवरला.

"बाबा, एवढी दोरी कोणी नेली होती का?"

वडील पाइप मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "पुलाच्या कामावरचा मुकादम. पिवळी मागत होता, आपल्याकडे निळी होती. हमालाने तिसरं बंडल उचलताना कुरकुर केली. बिलबुकात बघ."

बिलबुकात कार्बनची प्रत होती. बाराशे मीटर, निळी. बारक्याने ती ओळ ठेवली; फक्त पुढच्या महिन्याचा माल ठरवताना ती बाजूला काढली, कारण पूल काही दर महिन्याला बांधत नाहीत.

पण त्याचं मन आता दोरीत नव्हतं. ज्याला हमालाची कुरकुर आठवते, त्याचं डोकं चालत नाही? त्याने चुकलेल्या ओळी तारखेप्रमाणे लावल्या. मागच्या उन्हाळ्यापर्यंत चूक औषधालाही नाही. मग चुका वाढतच गेल्या. दुपारी आई लिहायची, त्या ओळी स्वच्छ. आणि बाबांच्या ओळी चुकल्या, तरी दिवसाची बेरीज, आई रोज रात्री गल्ला मोजून कागदावर लिहायची त्या आकड्याशी बरोबर जुळत होती. हिशेब डोक्यात पक्का होता. कागदावर तो शेजारच्या ओळीत, नाहीतर भलत्या रकान्यात उतरत होता.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा तो स्टूल ओढून वडिलांजवळ बसला.

"बाबा, रजिस्टरच्या रेघा दिसतात का हो तुम्हाला?"

वडिलांनी हातातला पाइप खाली ठेवला. "फिकट छापतात हल्ली," म्हणाले. मग हळूच, "धुकं असल्यासारखं वाटतं. दिव्याभोवती कडं दिसतं."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगू? डोळे गेले म्हटलं असतं, तर तुम्ही आधी शटर खाली ओढलं असतं."

आईने आतून ऐकलं. "अहो, मला तरी बोलायचं!" एवढंच म्हणाली आणि डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्यायला उठली. बारक्याने ताईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी किती सहज बोलून गेले रे."

मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पाठोपाठ झाली. नवा चष्मा लावून वडिलांनी जुनं रजिस्टर उघडलं आणि कपाळाला हात लावला. "हे मी लिहिलंय? कोंबड्यांनी तरी बरं लिहिलं असतं!"

एका ओळीचा पत्ता मात्र लागला नाही. रंगाचा डबा, पुढे नगाचा आकडा एक की सात ते लागेना, रक्कम लिहिलेली नाही, बिल फाडलेलं नाही, आणि त्या दिवशीच्या गल्ल्याचा कागद हरवलेला.

"एक लिही," वडील म्हणाले. "एकच असेल."

"आठवतंय का तुम्हाला?"

वडिलांनी चष्मा काढून पुसला. "नाही."

बारक्याने तो चौकोन रिकामा सोडला आणि शेजारी लिहिलं: माहीत नाही. वडिलांनी वाकून ते वाचलं, मान डोलावली आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळले.